तुळस उजव्या हाताला

वाई,
गुरुवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे अनुत्तरित पडून आहेत, आणि आज लिहितो आहे तेही स्वार्थापोटी, हे आधीच कबूल करतो. प्रकृती बरी आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे.

वाड्यातल्या संग्रहालयाचे काम तुला ठाऊक आहेच. परवा मांडणीची चाचणी म्हणून गंगापुरी आळीतल्या भजनी मंडळाच्या एकोणीस बायकांना आत सोडले. काहीही सांगायचे नाही, फक्त पाहायचे, असे ठरवून मी जिन्याखाली वही घेऊन बसलो होतो. सगळा क्रम मी उजवीकडून सुरू होईल असा लावला होता: उजव्या सोप्यात वीरगळ आणि 1659 मध्ये अफझलखानाची छावणी पडली तेव्हाची वाई, मागच्या सोप्यात रास्त्यांची वाई, आणि डाव्या सोप्यात प्राज्ञपाठशाळा व विश्वकोश. मेल्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1935 मध्ये नोंदवून ठेवले आहे, की संग्रहालयात शिरल्यावर बहुतेक माणसे उजवीकडे वळतात. त्याच्या भरवशावर मी निश्चिंत होतो.

पहिल्या बाई चौकात आल्या, तुळशीवृंदावनाला हात जोडले, आणि तुळस उजव्या हाताला ठेवून सरळ डावीकडे चालू लागल्या. त्यांच्यामागे उरलेल्या अठरा. मेल्टनच्या संग्रहालयात तुळस नव्हती, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. त्यामुळे त्यांना आधी 1976 चा विश्वकोशाचा पहिला खंड भेटला, मग 1916 ची पाठशाळा, आणि शेवटी अफझलखान. गावाचा इतिहास त्यांनी शेपटाकडून वाचला. मी भिंतीवर लावलेले सहा बाण कोणी पाहिलेसुद्धा नाहीत. बडोद्याच्या प्रदर्शनात बाणांवरून तू माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होतास. तू बरोबर होतास. हे वाक्य कापून ठेवायचे असल्यास ठेव, पुन्हा लिहिणार नाही.

एवढ्यावर भागले असते, तर मी तुला त्रास दिला नसता. डावा सोपा बिनखिडक्यांचा, म्हणून जुने कागद तिथे ठेवले. त्यांच्यावर पन्नास लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू द्यायचा नसतो. चौकातल्या उन्हातून माणूस थेट त्या खोलीत शिरला, की डोळे सरावायला काही मिनिटे जातात, आणि तेवढा वेळ कोणीच थांबत नाही. एका आजींनी मला विचारले, “वीज गेलीय का हो?” त्या खोलीत बायका सरासरी चाळीस सेकंद थांबल्या, मी घड्याळ लावून मोजले.

खरा घोळ मात्र मागच्या सोप्यात झाला. तिथले घाटाकडचे दार उघडे होते. दारातून नदी दिसताच अकरा जणी बाहेर पडल्या आणि पायऱ्यांवर बसल्या. उजव्या सोप्यापर्यंत आठच पोचल्या. बाहेर जायचे दार दिसले की पाहणे संपते, हेही मेल्टनने लिहिले आहे. ते पान मी सोयीस्करपणे विसरलो होतो. पण ते दार बंद करायला मन होत नाही. ढोल्या गणपतीचे 1762 चे देऊळ मागच्या बाजूने माशाच्या आकाराचे का बांधले, तर पुराचे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून. ही गोष्ट समोर कृष्णा वाहताना सांगण्यात जी मजा आहे, ती तक्त्यात नाही. म्हणून दाराला कमरेइतके लाकडी कठडे घालून त्यालाच खिडकी करावी, खाली बाक ठेवावा, आणि देवळाची लहान प्रतिकृती तिथेच मांडावी, असे ठरवले आहे. नदी दिसेल, पाय मात्र पुढच्या सोप्याकडे वळतील.

उरला तो डाव्याउजव्याचा प्रश्न, आणि त्यानेच झोप उडवली आहे. सरळ उपाय म्हणजे अदलाबदल: दगड डावीकडे, कागद उजवीकडे. म्हणजे काळाचा क्रमही जुळेल आणि उजेडही टप्प्याटप्प्याने उतरत जाईल, कारण दगडांना कितीही प्रकाश चालतो. ते चौकालगतच्या उघड्या पडवीत राहतील, नंतर मधला सोपा, आणि अंधारी खोली अगदी शेवटी. पण वीरगळांचे चौथरे उजवीकडे सिमेंटमध्ये पक्के झाले आहेत, आणि गल्लीकडच्या तीन खिडक्या झाकाव्या लागतील. समितीतल्या एका गृहस्थांनी सुचवले, की तुळसच हलवा. दुसरे म्हणतात, डावीकडे तिकिटाचे टेबल आडवे टाका. टेबलाने माणसे अडतील, हे खरे. पण दारातच अडलेला माणूस आत गेल्यावरही अवघडलेलाच राहतो. पुराची भीती म्हणून अस्सल कागद माडीवर आणि खाली प्रतिकृती, एवढे मात्र सर्वांना मान्य झाले. जिना इतका अरुंद आहे, की तिथे गर्दी न्यायचा प्रश्नच नाही.

चौथरे फोडावेत, असे माझे मत झाले आहे. खर्चाचा आकडा सांगितल्यावर समितीत काय होईल, ते तुला ठाऊक आहे.

शलाकाच्या लग्नाची तारीख कळली, येतोच. तुझ्या गुडघ्याचे काय झाले? बरा असेल, तर पुढच्या आठवड्यात ये. कागदी खोकी मांडून तात्पुरती अदलाबदल करून ठेवतो; तू बाणांशिवाय फीर, मी जिन्याखाली वही घेऊन बसेन.

तुझा,
माधव