दशावतार प्रयोगाचे थकीत मानधन ₹२७,५०० व्याजासह मिळण्याबाबत

दि. २४ एप्रिल २०२६
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग

प्रति,
मा. व्यवस्थापक,
कार्यक्रम आयोजन कंपनी, रत्नागिरी

महोदय,

१७ जानेवारीला आपल्या किनारा महोत्सवात आमच्या मंडळाने दशावताराचा प्रयोग केला. त्याचे उरलेले पैसे आज तीन महिने झाले तरी मिळालेले नाहीत. फोनवर बोलून काही होत नाही, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

५ डिसेंबर २०२५ च्या करारात मानधन ₹५५,००० ठरले. पैकी ₹१५,००० आगाऊ मिळाले. उरलेल्या ₹४०,००० बद्दल कलम ४ म्हणते: "बाकी रक्कम प्रयोगानंतर सात दिवसांत बँकेत जमा केली जाईल. उशीर झाल्यास थकीत रकमेवर दरमहा दीड टक्का व्याज द्यावे लागेल." म्हणजे २४ जानेवारीपर्यंत पैसे यायला हवे होते.

२४ फेब्रुवारीला खात्यात फक्त ₹१२,५०० आले आणि सोबत आपला व्हॉट्सॲप निरोप आला की प्रयोग अर्धाच झाला, म्हणून अर्धे मानधन, हिशोब पूर्ण. त्याच संध्याकाळी मी लेखी कळवले की ही रक्कम मी बाकीपैकी हप्ता म्हणून जमा धरतो, पूर्ण फेड म्हणून नाही. तो निरोप जपून ठेवला आहे, कारण कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारली तर बाकीचा हक्क सुटतो, हे मला ठाऊक आहे.

प्रयोग अर्धा का राहिला, ते आपल्या माणसांना चांगले माहीत आहे. करारात वेळ होती साडेसात ते साडेनऊ. आमची चौदा माणसे पाचला हजर होती. सहाला रंगायला बसलो, सातला मुकुट चढवून सगळे तयार. मंचावर मात्र सत्कार आणि भाषणे चालूच. खाऱ्या वाऱ्यात दोन तास घाम गळून विष्णूचे काम करणाऱ्याच्या गालावरचा रंग तडकला, त्याला पुन्हा हात द्यावा लागला. पखवाजवाल्याला ओलीने उतरलेले पान तीनदा चढवून घ्यावे लागले. आम्हाला मंच मिळाला नऊ वाजून पाच मिनिटांनी. दहाला आपल्या ध्वनिव्यवस्थेच्या माणसाने माईक बंद केला.

माईक दहाला बंद होणार, हे आपल्याला आधीपासूनच ठाऊक असायला हवे होते. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा खुल्या जागी ध्वनिक्षेपक चालत नाही. मोजक्या दिवसांसाठी बारापर्यंत सवलत मिळते, पण ती सरकारने दिलेली असावी लागते आणि त्या रात्रीसाठी ती नव्हती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वेळ भाषणांत घालवल्याची. आमच्या जत्रांत हे नाटक पिढ्यान्‌पिढ्या माईकविना झाले आहे. उरलेले आख्यान तसेच करतो, असे मी स्वतः सांगितले, पण मंचावरचे दिवेही मालवले गेले. आख्यानातले युद्ध व्हायचे राहिले आणि समोर बसलेली माणसे उठून गेली.

याच प्रसंगासाठी करारात कलम ७ आहे: "आयोजकाकडून झालेला विलंब प्रयोगाच्या वेळेत धरला जाईल व त्यामुळे मानधनात कपात होणार नाही." हे कलम मी आग्रहाने घातले होते, कारण असा अनुभव पूर्वी आला होता. शिवाय भारतीय करार कायदा १८७२ चे कलम ६७ सांगते की एका पक्षाने काम करायला आवश्यक सोय दिली नाही, तर त्यामुळे राहिलेल्या कामाचा दोष दुसऱ्यावर येत नाही. प्रायोजकाचे पैसे आले नाहीत, हे कारण आपण मार्चमध्ये फोनवर दिलेत. प्रायोजक आमच्या करारात कुठेच नाही.

हिशोब असा: ₹४०,००० वर पहिल्या महिन्याचे व्याज ₹६००. नंतर ₹१२,५०० वजा जाता ₹२७,५०० वर दोन महिन्यांचे ₹८२५. आजअखेर एकूण येणे ₹२८,९२५.

आपल्या प्रयोगासाठी १७ जानेवारीची एका गावची जत्रा मी नाकारली होती. माझ्या माणसांची नाईट मी पदरची दिली आणि टेम्पोवाल्याचे भाडेही त्याच रात्री चुकते केले. हंगामातली कमाई त्यांना पावसाळ्यात पुरवायची असते. म्हणून मला थांबता येत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम करारात दिलेल्या खात्यावर जमा करावी. तसे न झाल्यास वकिलामार्फत नोटीस देऊन वसुलीचा दावा लावीन. कराराची प्रत, २४ फेब्रुवारीचे निरोप, आपल्याच छापील कार्यक्रमपत्रिकेची प्रत आणि आम्ही मंचावर गेलो तेव्हाचा वेळेसह फोटो सोबत जोडला आहे.

आपला,
चालक, दशावतारी नाट्यमंडळ
ता. वेंगुर्ले