मार्क कमी आहेत म्हणून रिझ्युमे अडवून ठेवू नको

प्रिय दोस्ता,

तुझा रिझ्युमे पाहिला गड्या. दहावी, बारावी, डिग्री असा टक्क्यांचा तक्ता आणि डिग्रीसमोरचा रकाना तेवढा कोरा. आमच्याकडे बुटीबोरीत आलेले रिझ्युमे आधी मीच चाळतो, म्हणून सांगतो, नजर पहिले त्या कोऱ्या जागेवरच जाते. दहावीचे 88 लिहिले आणि डिग्रीचे नाही, तर कोणीही विचारेनच ना बे. पूर्ण तक्ताच काढून टाक, टक्के कुठंच लिहू नको. शिक्षण एका ओळीत बसते: बी.ई. मेकॅनिकल, कॉलेजचं नाव, संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ, 2024. बस.

ते 2019 ते 2023 लिहिलं आहेस, ते मात्र बदल. गणिताचा एम-थ्री राहिला होता आणि तू पास झाला 2024 ला, मार्कशीटवर तेच आहे. टक्के न लिहिणं चालते, साल चुकीचं लिहिणं खोटं होते. जॉइनिंगच्या वेळी सगळ्या सेमच्या मार्कशीट मागतात, व्हेरिफिकेशनवाले साल जुळवून पाहतात, आणि मिळालेली नोकरी तिथं जाते.

फॉर्मची गोष्ट वेगळी. तिथं टक्के विचारले तर 57.4 च टाक, 58 नाही आणि 60 तर नाहीच. 60 ची अट असेल तिथं फॉर्म बाद होईल, होऊ दे. बॅकलॉगचा प्रश्न नीट वाच. सध्या किती बाकी असं विचारलं तर शून्य, कारण तुझा निघालेला आहे. पण आधी कधी होता का असं विचारलं तर हो.

आता मला खरा राग कशाचा आला सांगू? त्या मधल्या वर्षात तू कापसाच्या जिनिंगला सीझनभर मेंटेनन्सला होता, ते तू लिहिलंच नाही! शिक्षणाच्याही वर टाक ते. 24 डबल रोलर जिन, रोलरचं ग्रूव्हिंग, बेअरिंग बदलणं, रात्रपाळीत मशीन बंद पडली तर चालू करून देणं, जे स्वतः केलं तेवढंच, महिन्यांसकट. वर हे असलं की वाचणारा त्याच्याबद्दलच विचारते, आणि तो गॅपही आपोआप समजते. मुलाखतीत विचारलंच तर, "एम-थ्री राहिला होता, पुढच्या प्रयत्नात निघाला, तेव्हा जिनिंगला काम करत होतो," एवढं सांग आणि थांब. पेपर कडक तपासले, घरी अडचण होती, हे काही सुरू करू नको, दोन मिनिटांची गोष्ट दहा मिनिटं चालते मग.

पगार रोख होता म्हणजे स्लिप नसेन तुझ्याकडे. मालकाकडून लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घे, तारखा खऱ्या टाकायला सांग. दिवाळीआधीच जा बा, कापूस यायला लागला की तो माणूस हाती लागत नाही. पत्र मिळालं की रिझ्युमेसोबत मला पाठव, मी एकदा पाहून देतो.

तुझाच दोस्त