आमच्या आईच्या शंका ऐकून घेणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस द्यायला आम्ही बाळाला घेऊन आलो, तेव्हा माझ्या आईच्या मनात दोन गोष्टींची धास्ती होती. लशीने नातवाला ऑटिझम होईल आणि त्याची नैसर्गिक प्रतिकारशक्ती कमी होईल. तुम्ही तिची समजूत ज्या पद्धतीने घातलीत, त्याबद्दल मनापासून आभार मानायला हे पत्र.

"असं काही नसतं हो आजी," म्हणून तुम्ही तिला गप्प केलं नाहीत. ही भीती कशावरून वाटते, ते आधी विचारलंत. तिच्या ओळखीतलं एक मूल लस घेतल्यावर थोड्याच दिवसांत बोलेनासं झालं होतं. तिने पाहिलं ते खरंच आहे, हे तुम्ही मान्य केलंत. मग सांगितलंत की ही लस पहिल्या वाढदिवसाच्या आसपास देतात आणि हाक मारली तरी न बघणं, बोट दाखवून वस्तू न मागणं, आलेले शब्द जाणं हेही बऱ्याचदा त्याच वयात घरच्यांच्या ध्यानात येतं. लस त्याला कारण आहे का, हे ठरवायचं तर लस न घेतलेली मुलंही बघावी लागतात. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची अशी तुलना झाली, 2019 साली तिचे निष्कर्ष आले. लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण जास्त नव्हतं. ज्या 1998 च्या लेखामुळे हे सगळं सुरू झालं, त्यात मुलं होती फक्त बारा, आणि तो लेख 2010 मध्ये नियतकालिकानेच मागे घेतला. बारा हा आकडा ऐकून आई सावरून बसली, ते मला आठवतं.

प्रतिकारशक्तीचं उत्तर मला स्वतःला जास्त पटलं. लशीत गोवराचा कमजोर केलेला विषाणू असतो. त्याला ओळखणं, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करणं आणि ती ओळख लक्षात ठेवणं हे सगळं बाळाचं शरीरच करतं, म्हणजे प्रतिकारशक्ती नैसर्गिकच वापरली जाते. उलट खरा गोवर ही आठवण साठवणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. आधी होऊन गेलेल्या इतर आजारांविरुद्धची प्रतिपिंडंही त्यात बरीच नष्ट होतात, आणि गोवर बरा झाल्यावरही मूल पुढे कितीतरी महिने, कधी वर्षं, दुसऱ्या आजारांना बळी पडतं. लशीने असं होत नाही. "म्हणजे मी ज्याला घाबरत होते, ते गोवर करतो?" आईने विचारलं. तुम्ही "हो" म्हणालात.

त्रास होऊ शकतो हेही तुम्ही लपवलं नाहीत. साधारण सातव्या ते बाराव्या दिवसात ताप येऊ शकतो, अंगावर बारीक पुरळ उठू शकतं, आणि क्वचित तापात झटका येतो. तसं झालं तर लगेच घेऊन या, असं सांगितलंत. आठव्या दिवशी बाळाला ताप आला तेव्हा आई घाबरली नाही. मलाच म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलं होतं की." दोन दिवसांत ताप उतरला.

एकाच दिवशी दोन-तीन लशी दिल्या तर बाळाला झेपतात का, हा तिचा पुढचा प्रश्न आहे. तो तिला तुम्हालाच विचारायचा आहे.

तुमची ऋणी,
बाळाची आई