लाल दिव्याबद्दल आधी विचारा: इंटरनेट मदत केंद्राविषयी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय : फोनवरील कर्मचाऱ्यांना नीट प्रश्न विचारायला शिकवण्याबाबत

महोदय,

सोमवारी सकाळी आमचं फायबर इंटरनेट बंद पडलं. बुधवारपर्यंत मी तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा पहिलं वाक्य एकच होतं, "सर, राउटर दहा सेकंद बंद करून चालू करा." दुसऱ्या फोनला मी आपणहून सांगितलं की डब्यावरचा एलओएसचा दिवा लाल आहे. उत्तर आलं, "हो सर, पण एकदा रीस्टार्ट करा." तिसऱ्या वेळी तर मागच्या भोकात टाचणी घालून रीसेट करायला लावलं.

हा लाल दिवा म्हणजे फायबरमधून प्रकाश डब्यापर्यंत पोचतच नाही. बहुतेक वेळा वायर तुटलेली, दबलेली किंवा कनेक्टरमधून सुटलेली असते. राउटर शंभर वेळा चालू-बंद केला तरी त्यात फरक पडत नाही. गुरुवारी लाइनमन आला. जिन्यात रंगकाम चाललं होतं, तिथे शिडीखाली वायर दबून मोडली होती. त्याने पंधरा मिनिटांत ती जोडली आणि दिवा हिरवा झाला. तरीही नेट येईना, कारण रीसेटमुळे युजरनेम आणि पासवर्ड पुसले गेले होते. ते परत भरून घ्यायला आणखी एक दिवस गेला. म्हणजे दुसरा बिघाड तुमच्याच माणसाने आमच्या हातून करवून घेतला.

मी दूरध्वनी खात्यात फॉल्टच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. डायल टोन येतो का, खरखर आहे का, शेजाऱ्यांचाही फोन बंद आहे का, एवढं विचारलं की घरात माणूस पाठवायचा की खांबावर, ते निम्मं तिथेच ठरायचं. तुमच्या मुलांनाही असा क्रम शिकवा. कधीपासून बंद आहे? एकाच मोबाइलवर की सगळीकडे? मग दिवे. माझ्या आईला एलओएस कळत नाही, पण "लाल दिवा दिसतो का, तो लुकलुकतोय का" एवढं तीही सांगू शकते. लाल असेल तर तिथेच थांबून लाइनमनची तक्रार नोंदवावी. दिवे ठीक असतील तरच रीस्टार्ट, आणि मग डब्यातून वायर थेट कॉम्प्युटरला लावून नेट येतं का ते बघावं, म्हणजे दोष वायफायचा की लाइनचा ते कळेल. रीसेट तर सेटिंग्ज हाताशी असल्याशिवाय सांगूच नये.

प्रशिक्षणात खरा डबा टेबलावर ठेवा, त्याची वायर काढा आणि नुसत्या प्रश्नांवरून दोष ओळखायला लावा. ग्राहकाने दिलेलं उत्तर तक्रारीत लिहून ठेवण्याची सवयही लावा. "लाल दिवा" हे दोन शब्द सोमवारीच विचारून लिहिले गेले असते तर पुढचे दोन फोन लागले नसते.

तुमच्या मुलांचा मला राग नाही. त्यांच्यापुढे कागदच तेवढा ठेवला आहे. तो कागद बदलून मला लेखी कळवावं आणि सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांचे पैसे पुढच्या बिलातून वजा करावेत.

आपला,
एक ग्राहक