पुरात घर गेलं, ते जीडीपीत कुठे दिसतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला अग्रलेख वाचला. जीडीपी वाढला म्हणजे लोकांचं बरं चाललंय, असा त्याचा सूर आहे. अठ्ठावीस वर्षं मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवलं. जीडीपीचा आकडा खोटा असतो असं मी म्हणत नाही. तो जे मोजतच नाही, तेही त्याच्याच नावावर सांगितलं जातं, याचा मला राग येतो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर आत गेलो, तर गुडघाभर गाळ. मातीच्या भिंतीची एक बाजू बसली होती. सासूबाईंचं शिसवी कपाट फुगून फुटलं होतं आणि लग्नातले फोटो लगद्यासारखे हातात येत होते.

आता याचा हिशेब जीडीपीच्या पद्धतीने करून पाहा. भिंत बांधून गिलावा आणि रंग झाला, गवंडी आणि सामानाचे मिळून १,४०,००० रुपये गेले. फ्रीज, मिक्सर, गाद्या यांचे ६०,०००. गाळात काम करून आम्हा तिघांना ताप आला, त्याचे दवाखान्यात १२,०००. एकूण २,१२,०००. देशात तयार झालेल्या वस्तूंचा आणि सेवांचा यातला वाटा जीडीपीत जमा झाला. पडलेली भिंत आणि फुटलेलं कपाट मात्र त्यातून वजा झालं नाही. एवढं सगळं करून आमच्याकडे काय आलं? पूर यायच्या आधी जे होतं, त्याहून थोडं कमीच.

यात चूक कुणाची नाही, ते मापच तसं आहे. जीडीपी म्हणजे मोटारीने वर्षभरात उपसलेलं पाणी. विहिरीत किती उरलं ते त्यात येत नाही. जीडीपीचं मराठी नाव सकल देशांतर्गत उत्पादन, आणि त्यातल्या 'सकल' या शब्दाचा अर्थच घसारा न काढता, असा आहे. घसारा वजा केला की निव्वळ उत्पादन मिळतं, हे आम्ही वर्गात शिकवायचो. पण ती वजावट नेहमीच्या झिजेची आणि नेहमीच्या लहानसहान नुकसानीची. महापुरासारख्या आपत्तीत गेलेली मालमत्ता आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीत वेगळ्याच खात्यात मांडतात, त्यामुळे ती निव्वळ उत्पादनातूनही वजा होत नाही. एवढा मोठा तोटा, आणि ज्या आकड्यावर अग्रलेख लिहिले जातात त्यात त्याची ओळसुद्धा नाही.

पूर आला की जीडीपी वाढतोच, असंही मी म्हणणार नाही. यजमानांचं कापडाचं दुकान दीड महिना बंद राहिलं. ती बुडालेली विक्री जीडीपीला खाली ओढते. शिवाय आमचे दोन लाख मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले होते. ते तिच्या फीवर गेले असते, तरी जीडीपीत जवळपास तेवढेच दिसले असते. माझा मुद्दा नेमका हाच आहे. शिक्षणावरचे दोन लाख आणि पडलेली भिंत पुन्हा उभी करायचे दोन लाख, या आकड्याला सारखेच.

आणखी एक. घरातला गाळ काढायला शेजारची पोरं आणि कोल्हापूरकडून आलेले अनोळखी स्वयंसेवक पाच दिवस राबले. कुणी चहाशिवाय काही घेतलं नाही. हेच काम रोजंदारीवर करून घेतलं असतं, तर ती मजुरी उत्पादनात धरली गेली असती. फुकट केलं म्हणून शून्य. सासूबाई आज अंथरुणाला खिळून आहेत. मी त्यांचं करते तेही शून्य, आणि पगारी बाई ठेवली तर तिचा पगार मात्र मोजतात.

ज्यांनी अमेरिकेचं राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत बसवली, त्या सायमन कुझ्नेट्स यांनीच १९३४ साली तिथल्या काँग्रेसला दिलेल्या अहवालात, राष्ट्रीय उत्पन्नाच्या मापावरून राष्ट्राचं कल्याण ठरवता येत नाही, अशा अर्थाचा इशारा दिला होता. अग्रलेख लिहिणाऱ्यांनी एवढं तरी बघायला हवं होतं. जीडीपीचा आकडा छापाच, पण त्याच्या शेजारी घरांची, जमिनीची, विहिरींची स्थिती काय, तेही छापा.

जाता जाता एक तक्रार. पावसाळ्यात कोयनेचा विसर्ग आणि आयर्विन पुलाची पाणीपातळी तुम्ही आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली देता. ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, हे आकडे आम्ही रोज सकाळी चष्मा शोधून वाचतो. या जुलैपासून ते पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात द्यावेत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, गावभाग, सांगली