विकलेली पेन्शन परत घ्यायची वेळ झाली आहे, बाबा

ठाणे
9 नोव्हेंबर 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ऑक्टोबरच्या स्लिपचा फोटो पाठवला आणि फोनवर म्हणालात, "या महिन्यात 2,856 रुपये जास्त आलेत, काही घोळ तर नाही ना?" तेव्हा मी ऑफिसातून निघायच्या घाईत होते, म्हणून नंतर सांगते म्हणाले. रात्री स्लिप नीट पाहिली. वाढलेले पैसे अगदी बरोबर आहेत. घोळ आहे तो दुसऱ्याच ओळीत, आणि तो जूनपासून चालू आहे. फोनवर आकडे एका कानाने ऐकून दुसऱ्याने सुटतात, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. स्लिप समोर ठेवून वाचा.

आधी पहिली ओळ, बेसिक पेन्शन 23,800. तुम्ही 31 मे 2010 ला निवृत्त झालात तेव्हा शेवटचं मूळ वेतन ग्रेड पेसकट 18,400 होतं आणि पेन्शन त्याच्या निम्मी, 9,200. सातव्या आयोगात ते वेतन नव्या तक्त्यात बसवून 47,600 धरलं गेलं आणि त्याची निम्मी पेन्शन 23,800 झाली. वेतन आयोग किंवा वयाची ऐंशी वर्षं, असं काही घडलं तरच ही ओळ बदलते. एरवी दर महिन्याला ती हीच दिसली पाहिजे.

तिच्याखाली डीआर आहे, ज्याला आपण सगळे महागाईभत्ता म्हणतो. दर तेवढाच, फक्त पेन्शनवाल्यांसाठी स्लिपवर त्याचं नाव वेगळं. जुलै 2025 पासून तो 55 वरून 58 टक्के झाला. 23,800 चे 58 टक्के म्हणजे 13,804, आणि स्लिपवर तेच आहे. आधी 13,090 मिळत होते. फरक महिन्याला 714 रुपयांचा. आदेश ऑक्टोबरमध्ये निघाला, त्यामुळे जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे मिळून 2,142 रुपये थकबाकी म्हणून वेगळ्या ओळीत आलेत. 714 आणि 2,142 मिळून तुमचे ते 2,856. थकबाकी एकदाच येते. नोव्हेंबरची पेन्शन तेवढ्याने कमी दिसली तर घाबरू नका.

डीआरच्या बाबतीत एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. तो पूर्ण बेसिकवर मिळतो, विकलेला भाग वजा करून उरलेल्या पेन्शनवर नाही. कॅल्क्युलेटरवर डीआरला बेसिकने भागा. 0.58 आलं की ठीक. बँकेने चुकून विकलेले 3,680, ज्यांचं पुढे सांगते, ते वजा करून उरलेल्या 20,120 वर काढला असता तर तो 11,670 च्या आसपास आला असता, म्हणजे महिन्याला दोन हजारांवर तोटा. आपल्या स्लिपमध्ये ही चूक नाही.

मग एफएमए 1,000. हा औषधांचा ठरावीक भत्ता. कराडला केंद्र सरकारचा दवाखाना नाही म्हणून तुम्हाला तो मिळतो. त्याच्यावर महागाई चढत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं आहे तेवढाच दिसतो.

आता वजाबाकीची बाजू. तिथे 3,680 ची एक ओळ आहे, समोर "कम्यूटेशन" लिहिलेलं. हीच आपली विकलेली पेन्शन. आई, तुला आठवत असेल, त्या वर्षी बाबांना एकरकमी साधारण 3 लाख 62 हजार मिळाले होते आणि त्यातूनच वरच्या खोलीचा स्लॅब पडला. ते पैसे कसे आले होते ते सांगते. 9,200 चे 40 टक्के, म्हणजे 3,680 रुपये, बाबांनी सरकारला विकले. त्या वयाला एका वर्षाच्या रकमेची 8.194 पट मिळत होती. 3,680 ला 12 ने आणि मग 8.194 ने गुणलं की तो आकडा येतो. मोबदल्यात ठरलं की दर महिन्याला 3,680 कमी घ्यायचे. पण हे जन्मभर नाही. 15 वर्षं झाली की विकलेला भाग परत मिळतो, हा नियम आहे.

इथे मी आधी स्वतःच चुकले होते. मला वाटलं 40 टक्के म्हणजे 23,800 चे 40 टक्के, 9,520. म्हणजे बँक कमीच कापते आहे आणि उद्या फरकाची वसुली काढेल, या विचाराने मला अर्धा तास झोप लागली नाही. मग कळलं की विकलेला भाग 2010 च्या पेन्शनवर ठरलेला आहे. नंतर बेसिक कितीही वाढलं तरी तो 3,680 च राहतो, कारण पैसेही त्याच हिशोबाने मिळाले होते. तेव्हा कुणी 9,520 कापायला लागलं तर ते चूक आहे.

15 वर्षं कधी पुरी झाली, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर तुमच्या जुन्या पासबुकात आहे, दिवाळीत आले होते तेव्हा मी त्याचे फोटो काढून ठेवले होते. जून 2010 च्या पेन्शनची नोंद 9,040 ची आहे. ती सोडवून पाहिली. 9,200 मधून 3,680 गेले, उरले 5,520. त्या वेळचा महागाईभत्ता 35 टक्के, पूर्ण 9,200 वर, म्हणजे 3,220. आणि औषधांचे तेव्हाचे 300. बेरीज बरोबर 9,040. म्हणजे कपात पहिल्याच पेन्शनपासून, 1 जून 2010 पासून लागू झाली. 31 मे 2025 ला 15 वर्षं भरली. जूनच्या पेन्शनपासून ही ओळ स्लिपवर दिसायलाच नको होती. (कुणाला एकरकमी पैसे उशिरा मिळाले असतील आणि कपातही तेव्हापासून सुरू झाली असेल, तर त्यांची 15 वर्षं त्या तारखेपासून धरतात. भोसलेकाकांचं तसं आहे का ते त्यांना पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, पाहून तपासायला सांगा.)

जून ते ऑक्टोबर पाच महिने झाले. पाच गुणिले 3,680 म्हणजे 18,400 रुपये. तुमचा शेवटचा पगार एवढाच होता ना, बाबा! आकडा पाहून मी थबकले. तुमच्या हक्काचा एक अख्खा पगार बँकेत अडकला आहे.

हे आपोआप थांबायला हवं होतं. पेन्शन काढणाऱ्या बँकेच्या केंद्राकडे कम्यूटेशनची तारीख असली की त्यांनीच पेन्शन पूर्ववत करायची असते, त्यासाठी अर्जाची अट नाही. मला वाटतं, तुम्ही पोस्टातून या बँकेत पेन्शन वळवलीत तेव्हा ही तारीख त्यांच्या संगणकात चढलीच नसावी. म्हणून आता आपणच आठवण करून द्यायची.

हयातीचा दाखला द्यायला या महिन्यात शाखेत जायचंच आहे. तेव्हाच अर्ज द्या. मी तो लिहून सोबत पाठवला आहे, फक्त सही करा. अर्जाला पीपीओची झेरॉक्स जोडा, ज्या पानावर कम्यूट केलेली रक्कम आणि तारीख आहे ते पान नक्की. जून 2010 च्या नोंदीचं पान आणि ऑक्टोबरची स्लिपही जोडा. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. खिडकीवरचा मुलगा म्हणेल की पेन्शनचं सगळं केंद्रातून होतं, आमच्या हातात काही नाही. ते खरं आहे, पण अर्ज शाखेनेच घेऊन पुढे पाठवायचा असतो. पेन्शनची थकबाकी उशिरा जमा झाली तर बँकेने वर्षाला 8 टक्के दराने भरपाई द्यावी, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. तेही अर्जात लिहिलं आहे. महिनाभरात काही हललं नाही तर मी इथून केंद्र सरकारच्या सीपेनग्राम्स या पेन्शन तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाकीन.

वजाबाकीत "वसुली" म्हणून आणखी एक रकाना आहे. सध्या तो रिकामा आहे. पूर्वी जास्त दिलेली रक्कम परत घेतली तर ती तिथे दिसते. कधी आकडा आला तर त्याच दिवशी मला कळवा. कोणत्या महिन्यांचे, किती आणि का, हे लेखी मागायचं.

टीडीएसच्या ओळीत शून्य आहे आणि ते बरोबर आहे. कपात थांबल्यावर महिन्याला 38,604 येतील. वर्षभर तेवढे धरले तर 4,63,248. नव्या करपद्धतीत त्यातून प्रमाणित वजावट 75,000 जाते, उरतात 3,88,248, म्हणजे 4 लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आत. पण बँक इथे फक्त पेन्शन पाहते. एफडीचं व्याज यात धरलेलं नाही, आणि ते मिळवलं तर आपण 4 लाखांच्या वर जातो. सवलतीमुळे कर तरीही पडणार नाही, रिटर्नचं मात्र मी जुलैत पाहीन.

आई, एक गोष्ट तुझ्यासाठी. बाबा हा विषय काढला की उठून जातात, म्हणून लिहूनच सांगते. पीपीओच्या सुधारित कागदावर फॅमिली पेन्शनचा आकडा असला पाहिजे, 47,600 चे 30 टक्के म्हणजे 14,280, आणि त्यावर महागाई वेगळी. विकलेल्या पेन्शनचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुझं नाव आणि जन्मतारीख त्या कागदावर आधार कार्डाप्रमाणेच आहे का, एवढं एकदा चष्मा लावून पाहून ठेव.

नोव्हेंबरची पेन्शन जमा झाली की तेवढी एकच ओळ आधी बघा. 3,680 दिसले नाहीत तर 38,604 आणि वर थकबाकी आली असेल. दिसले तर 34,924 येतील. दोन्हीपैकी काहीही झालं तरी मला फोटो पाठवा.

तुमची
मनू