आईचा ताप आणि ती गोळी

ती. आई-बाबांना सा. न.

आई, फोनवर बोलायला घेतलं की तू विषय भाकरी-भाजीवर नेतेस, म्हणून लिहितेय. त्या बुधवारी रात्री अंग कसकसलं, १००.८ ताप निघाला, तू पॅरासिटामॉल घेतलीस आणि तासाभराने ९९ झाला म्हणून झोपलीस. सकाळी मला सांगितलंस तेही हसत, "आता काही नाही गं." दुपारी रिपोर्ट आला तेव्हा न्यूट्रोफिल ३०० होते. एरवी ते दीड हजारांच्या वर असतात.

तो केमोचा दहावा दिवस होता. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. जंतूंशी पहिली झुंज त्याच देतात. त्याच केमोने तोंडाचं आणि आतड्यांचं आतलं अस्तरही सोलवटतं, म्हणून एरवी पोटात निमूट राहणारे जंतू रक्तात शिरू शकतात. बाहेरचं पाणी न पिता, कुणाला न भेटतासुद्धा.

तुला बरं वाटत होतं, यात तुझी चूक नाही. सूज, लाली, पू हे सगळं या पेशींच्याच कामातून होतं. त्याच नसल्या की काहीच दिसत नाही. ताप तेवढा उरतो, आणि गोळीने तू तोही पुसून टाकलास. अशा वेळी काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं असतं. त्याआधी कल्चरसाठी, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघायला, रक्त घेतात, पण रिपोर्टची वाट बघत थांबत नाहीत. तुझं कल्चर निगेटिव्ह आलं, हे नशीब.

बाबा, आता तुमच्यासाठी. थर्मामीटर जिभेखाली लावा, चहा प्यायल्यावर अर्ध्या तासाने. काखेत आकडा कमी येतो. १००.४ किंवा वर दिसला की गोळी द्यायची नाही, केमोच्या वॉर्डला फोन करायचा आणि निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. ताप नसताना हुडहुडी भरली, धाप लागली किंवा ती गुंगीत वाटली, तरी तसंच. केमोबरोबरच्या स्टिरॉइडने ताप दबलेला असू शकतो.

कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या "ताप आलाय" एवढंच म्हणू नका, नाहीतर रांगेत बसवतील. "केमो चालू आहे, आज अमुकवा दिवस, ताप इतका," असं सांगा. गाडी नाही मिळाली तर १०८.

पुढची केमो सोमवारी. त्या दिवसापासून कॅलेंडरवर रोज आकडा लिहीत जा. फाईल आणि आईची शाल पिशवीत भरून दाराच्या खुंटीला अडकवून ठेवा. मी शुक्रवारी रात्रीच्या बसने येतेय, पिशवी बघणारच आहे.

तुमची,
ताई